दुबार प्रकाशन

दुबार प्रकाशन म्हणजे आधी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाशी बव्हंशी जुळणारा शोधनिबंध, त्या आधीच्या प्रकाशनाचा स्पष्ट उल्लेख न करता, नवा म्हणून पुन्हा प्रसिद्ध करणे होय. एकच संशोधन प्रथम परिषदेत वाचले जाते, मग प्रीप्रिंट म्हणून महाजालावर ठेवले जाते आणि शेवटी संशोधनपत्रिकेत छापले जाते, असा प्रवास अनेक विद्याशाखांत रूढ आहे. या तिन्ही रूपांत मजकूर, आकृत्या आणि निष्कर्ष सारखे असणे स्वाभाविक असते. त्यामुळे केवळ साम्य आढळले म्हणून दुबार प्रकाशन ठरत नाही. साम्य किती आहे, ते उघड केले आहे का आणि नंतरच्या रूपात नवे काय आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो निर्णय अवलंबून असतो.

## व्याख्या

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने केलेली व्याख्या या विषयात सर्वाधिक वापरली जाते. तिचे दोन घटक आहेत. पहिला घटक म्हणजे आधीच्या प्रकाशनाशी मोठ्या प्रमाणावर साम्य, आणि दुसरा म्हणजे त्या प्रकाशनाच्या स्पष्ट, दिसेल अशा निर्देशाचा अभाव. दोन्ही घटक एकत्र आल्याखेरीज व्याख्या पूर्ण होत नाही. साम्य पुष्कळ असूनही निर्देश असेल, तर ते संपादकांच्या संमतीने केलेले 'दुय्यम प्रकाशन' असू शकते.

दुबार प्रकाशन आणि दुबार सादरीकरण यांत फरक केला जातो. एकच हस्तलिखित एकाच वेळी दोन ठिकाणी विचारार्थ पाठविणे म्हणजे दुबार सादरीकरण. एका ठिकाणचा निर्णय येण्यापूर्वी तोच निबंध परिषदेकडे आणि पत्रिकेकडे पाठविला, तर काहीही छापून येण्यापूर्वीच नियमभंग होतो. कारण दोन्हीकडच्या परीक्षकांचे श्रम एकाच कामावर खर्च होतात आणि दोघांनीही स्वीकार केल्यास दुबार प्रकाशन अटळ ठरते.

## तीन रूपे आणि त्यांचे स्थान

परिषदेतील निबंध याचा अर्थ विद्याशाखेनुसार बदलतो. वैद्यकशास्त्रात परिषदेसाठी बहुधा काहीशे शब्दांचा गोषवारा किंवा भित्तिपत्रक सादर केले जाते. त्यात पूर्ण पद्धती व सविस्तर निकाल नसल्याने त्याला पूर्वप्रकाशन मानले जात नाही. संगणकशास्त्रात मात्र परिषदेचा निबंध हा आठ-दहा पानांचा, तज्ज्ञांनी तपासलेला आणि कायमस्वरूपी जतन होणारा पूर्ण लेख असतो. तेथे तेच मुख्य प्रकाशन मानले जाते आणि पुष्कळ संशोधक त्यानंतर पत्रिकेकडे वळतही नाहीत. म्हणून 'हे तर परिषदेत वाचले होते' एवढ्या सांगण्याने काहीच निष्पन्न होत नाही. तेथे नेमके काय छापले गेले, हे पाहावे लागते. चर्चासत्रात केवळ वाचलेला निबंध अप्रकाशित राहतो. तोच निबंध चर्चासत्राच्या आयएसबीएन क्रमांक असलेल्या ग्रंथात संपूर्ण छापला गेला, तर तो प्रकाशित ठरतो.

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञ-परीक्षणापूर्वी लेखकाने सार्वजनिक भांडारात ठेवलेली प्रत. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू केलेले आर्काइव्ह हे या प्रकारचे सर्वांत परिचित भांडार असून भौतिकी, गणित व संगणकशास्त्रात त्याचा सर्रास वापर होतो. जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आणि वैद्यकशास्त्रासाठी मेडआर्काइव्ह २०१९ मध्ये सुरू झाले. बहुतेक मोठे प्रकाशक आता प्रीप्रिंटला पूर्वप्रकाशन मानत नाहीत. मात्र निबंध सादर करताना त्याची माहिती देण्याची अट घालतात.

पत्रिकेतील आवृत्ती ही अधिकृत नोंद मानली जाते. दुरुस्तीपत्र निघाले किंवा निबंध मागे घेतला गेला, तर ती नोंद या आवृत्तीला जोडली जाते. प्रीप्रिंटच्या पानावर ती आपोआप येईलच असे नाही. तिन्ही रूपे एकमेकांशी जोडलेली असणे वाचकासाठी आवश्यक ठरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

## बंधनाचा उगम

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये असे जाहीर केले की, अन्यत्र प्रसिद्ध झालेले संशोधन आपली पत्रिका छापणार नाही. ही भूमिका पुढे 'इंगेलफिंगर नियम' म्हणून ओळखली गेली. आपल्या पत्रिकेतील मजकूर नवा असावा हा तिचा एक हेतू होता, तर परीक्षण न झालेले वैद्यकीय निष्कर्ष वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत जाऊ नयेत, अशी नंतरच्या काळात तिची मांडणी झाली. छापील पानांची टंचाई असलेल्या काळात हा नियम अनेक पत्रिकांनी स्वीकारला.

प्रीप्रिंट भांडारांमुळे हा नियम मूळ स्वरूपात टिकू शकला नाही. बंधनाचा भर आता 'आधी कोठेही दिसू नये' यावरून 'आधी कोठे दिसले ते सांगावे' याकडे सरकला आहे. नावीन्याची अट मात्र पूर्णपणे गेलेली नाही. तज्ज्ञ-परीक्षण झालेल्या दोन प्रकाशनांमध्ये ती कायम आहे.

## मर्यादा ठरविण्याचे निकष

प्रीप्रिंट आणि पत्रिका यांच्या नात्यात मजकूर जवळजवळ संपूर्ण सारखा असला तरी चालतो. कारण ती एकाच कामाची दोन अवस्थांतील रूपे आहेत, आणि त्यांपैकी एकाच रूपाचे परीक्षण झालेले असते. परीक्षण झालेला परिषद-निबंध आणि पत्रिका यांचे नाते निराळे आहे. येथे दोन्ही प्रकाशने स्वतंत्र श्रेय मागत असतात. म्हणून दुसऱ्यात नवे संशोधन असणे अपेक्षित असते.

आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या धोरणानुसार परिषदेतील निबंधावर आधारित लेख पत्रिकेत छापता येतो. मात्र त्याचे नेहमीप्रमाणे नव्याने परीक्षण झाले पाहिजे, आधीच्या निबंधाचा संदर्भ देऊन फरक सांगितला पाहिजे आणि त्यात भरीव नवे तांत्रिक साहित्य असले पाहिजे. एसीएम या संगणकशास्त्रीय संस्थेत किमान २५ टक्के नव्या साहित्याचा दंडक रूढ आहे. काही पत्रिका ३० टक्क्यांची अपेक्षा ठेवतात.

### टक्केवारीच्या मर्यादा

या टक्केवारीचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो. '३० टक्के नवे' म्हणजे ३० टक्के शब्द वेगळे नव्हेत. नवी सिद्धता, नवे प्रयोग, नवी विदा किंवा आधीच्या दाव्याची अधिक कठोर तपासणी म्हणजे नवे साहित्य. प्रस्तावना लांबविणे, संदर्भसूची वाढविणे किंवा तीच आकृती मोठी करून छापणे यांची गणना त्यात होत नाही.

साम्य मोजणारी संगणकप्रणाली मात्र शब्दांचीच तुलना करते. तिच्या मर्यादा दोन्ही बाजूंनी दिसतात. समजा, एका लेखकाने परिषदेतील निबंध पत्रिकेसाठी वाढविला, पद्धतीचे वर्णन तसेच ठेवले, आधीच्या निबंधाचा पहिल्याच पानावर उल्लेख केला आणि दोन नवे प्रयोग जोडले. प्रणाली ५५ टक्के साम्य दाखवील, तरीही हा लेख निर्दोष असू शकतो. दुसऱ्या लेखकाने तीच विदा व तेच निष्कर्ष घेऊन प्रत्येक वाक्याची शब्दरचना बदलली आणि आधीच्या निबंधाचा उल्लेख टाळला. प्रणाली ८ टक्के साम्य दाखवील, पण हे पूर्णतः दुबार प्रकाशन आहे. शब्द बदलण्यासाठी घेतलेले श्रम येथे दोष कमी करीत नाहीत. लपविण्याचा हेतूच त्यातून सूचित होतो.

प्रणालीने दाखविलेले साम्य लेखकाच्याच प्रीप्रिंटशी असेल, तर संपादक तो स्रोत वगळून आकडा पुन्हा काढतात. पद्धतीच्या वर्णनातील पुनरावृत्तीही सहसा क्षम्य मानली जाते. कारण एकच उपकरण किंवा एकच कार्यपद्धती निरनिराळ्या शब्दांत सांगितल्यास वाचकाचा गोंधळ वाढतो. निकालाच्या आणि चर्चेच्या भागातील साम्य त्यापेक्षा गंभीर समजले जाते.

## उघड विस्ताराचे उदाहरण

चित्रातील वस्तू शोधून ओळखणाऱ्या 'फास्टर आर-सीएनएन' या पद्धतीवरील निबंध तिन्ही रूपांत उपलब्ध आहे. शाओछिंग रेन, कायमिंग हे, रॉस गर्शिक आणि जियान सुन यांनी तो जून २०१५ मध्ये आर्काइव्हवर ठेवला (arXiv:1506.01497). त्याच वर्षअखेर माँट्रियल येथे झालेल्या न्यूरल इन्फर्मेशन प्रोसेसिंग सिस्टिम्स या परिषदेत तो प्रसिद्ध झाला. पुढे 'आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन पॅटर्न ॲनालिसिस अँड मशीन इंटेलिजन्स' या पत्रिकेच्या २०१७ सालच्या ३९ व्या खंडात त्याची विस्तारित आवृत्ती आली.

तिन्हींचे शीर्षक व लेखक एकच आहेत आणि मूळ कल्पनाही तीच आहे. परिषदेतील निबंधाच्या गोषवाऱ्यात पास्कल व्हीओसी या चित्रसंचाच्या २००७ व २०१२ च्या आवृत्त्यांवरील निकाल दिलेले आहेत. या संचात वस्तूंचे २० प्रकार आहेत. पत्रिकेतील आवृत्तीत त्यांच्या जोडीला मायक्रोसॉफ्ट कोको या ८० प्रकारांच्या, अधिक अवघड संचावरील निकाल आले. मधल्या काळात ही पद्धत कोठे वापरली गेली, याचीही माहिती तीत आहे. लेखाची प्राथमिक आवृत्ती पूर्वी प्रसिद्ध झाल्याचे प्रस्तावनेतच संदर्भासह नमूद केले आहे. आर्काइव्हवर जानेवारी २०१६ मध्ये आलेली विस्तारित आवृत्ती त्याच क्रमांकाखाली ठेवलेली असल्याने जुनी व नवी प्रत एका पानावर शेजारी शेजारी पाहता येते.

येथे मजकुराचा मोठा भाग समान असूनही वाचकाची फसवणूक होत नाही. ज्याला ही पद्धत प्रथम कधी मांडली गेली हे हवे, तो परिषदेचा निबंध पाहतो. ज्याला सविस्तर निकाल हवे, तो पत्रिका पाहतो. दोन्ही निबंध ही दोन स्वतंत्र संशोधने आहेत, असा समज कोणाचाही होत नाही.

## छुप्या दुबार प्रकाशनाचे परिणाम

दुबार प्रकाशनाने केवळ लेखकाच्या यादीत एक निबंध अधिक होतो, असे वरवर पाहता वाटते. एकाच विषयावरील अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करणाऱ्या बहुसंशोधन-विश्लेषणात त्याचे खरे परिणाम दिसून येतात. असे विश्लेषण प्रत्येक अहवाल हा स्वतंत्र पुरावा आहे असे गृहीत धरते.

मार्टिन ट्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या परिणामाचे मोजमाप प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतरची उलटी रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ओंडान्सेट्रॉन या औषधावरील चाचण्या त्यांनी तपासल्या. प्रसिद्ध झालेल्या पूर्ण अहवालांपैकी १७ टक्के अहवाल आणि रुग्णांच्या विदेपैकी २८ टक्के विदा दुबार असल्याचे त्यांना आढळले. मूळ अहवालाचा निर्देश नसल्याने ही पुनरावृत्ती सहज लक्षात येण्याजोगी नव्हती. काही वेळा दोन्ही अहवालांवर एकही समान लेखक नव्हता.

औषधाची परिणामकारकता त्यांनी 'एका रुग्णाला लाभ होण्यासाठी किती जणांना औषध द्यावे लागेल' या संख्येने मोजली. ही संख्या जितकी लहान, तितके औषध अधिक गुणकारी. शिरेतून ४ मिलिग्रॅम औषध दिलेल्या १९ चाचण्यांपैकी १६ चाचण्यांची पुनरावृत्ती झालेली नव्हती. त्यांत ही संख्या ९.५ होती. उरलेल्या तीन चाचण्यांची विदा आणखी सहा अहवालांत पुन्हा आलेली होती, आणि त्या तिघींत ही संख्या ३.९ होती. म्हणजे ज्या चाचण्यांत औषध अधिक गुणकारी दिसले, त्याच पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या होत्या.

सर्व १९ चाचण्या प्रत्येकी एकदाच धरल्या, तर संख्या ६.४ येते. पुनरावृत्तीचे सहा अहवालही स्वतंत्र समजून २५ अहवाल एकत्र केले, तर ती ४.९ होते. औषधाचा गुण अशा रीतीने २३ टक्क्यांनी अधिक भासतो. कोणत्याही एका निबंधातील आकडे खोटे नसतानाही एकूण निष्कर्ष चुकीचा ठरतो, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

परिषदेतील गोषवारा, प्रीप्रिंट आणि पत्रिका ही तीन रूपे एकमेकांशी न जोडता वावरली, तर हाच धोका निर्माण होतो. शीर्षक बदललेले असेल किंवा लेखकांचा क्रम वेगळा असेल, तर एकच चाचणी तीनदा मोजली जाऊ शकते. म्हणून विश्लेषक अहवालांची नव्हे, तर अभ्यासांची मोजणी करतात. रुग्णांची संख्या, चाचणीचे स्थळ व कालावधी, औषधाची मात्रा आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक ताडून ते एका अभ्यासाचे सर्व अहवाल एकत्र बांधतात. भारतातील चाचण्यांसाठी २००७ पासून कार्यरत असलेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडिया या नोंदवहीतील क्रमांक त्यासाठी उपयोगी पडतो.

## आवृत्त्या जोडण्याची पद्धत

प्रीप्रिंट आणि पत्रिकेतील लेख यांना स्वतंत्र डीओआय क्रमांक मिळू शकतात. क्रॉसरेफ ही नोंदणीसंस्था २०१६ पासून प्रीप्रिंटची वेगळी नोंद स्वीकारते आणि दोन नोंदींमधील नाते `is-preprint-of` व `has-preprint` या खुणांनी दर्शविते. हे नाते नोंदलेले असल्यास प्रीप्रिंटच्या पानावरून वाचक प्रकाशित आवृत्तीपर्यंत पोहोचतो.

लेखकाकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी थोड्या आहेत. निबंध सादर करतानाच्या पत्रात आधीची सर्व रूपे सांगावीत आणि त्यांच्या प्रती जोडाव्यात. लेखातही आधीच्या रूपाचा संदर्भ द्यावा व नवे काय ते एका परिच्छेदात लिहावे. केवळ संदर्भसूचीत एक ओळ घालणे पुरेसे समजले जात नाही. कारण ती नोंद लेखकाच्या दुसऱ्या एखाद्या कामाची आहे, असे वाचकाला वाटू शकते. परिषदेच्या प्रकाशकाकडे स्वामित्वहक्क दिला असेल, तर आकृत्या पुन्हा वापरण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. स्वामित्वहक्काची परवानगी आणि साम्याची कबुली या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एकीने दुसरीची पूर्तता होत नाही.

## दुय्यम प्रकाशन व भाषांतर

एकाच संशोधनाचा लेख दुसऱ्या भाषेत किंवा वेगळ्या वाचकवर्गासाठी छापणे मान्य आहे. त्यासाठी दोन्ही पत्रिकांच्या संपादकांची संमती, मूळ विदा व अर्थाशी प्रामाणिकपणा आणि मूळ लेखाचा ठळक निर्देश आवश्यक असतो. इंग्रजी पत्रिकेतील निबंधाचा मराठी अनुवाद या अटींवर प्रसिद्ध होऊ शकतो. हा निर्देश न करता तो मूळ मराठी संशोधन म्हणून छापला, तर भाषा बदलूनही तो दुबार प्रकाशनच राहतो.

## संपादकीय कार्यवाही

प्रकाशन-नीती समिती (कोप) ही संस्था संपादकांना अशा प्रसंगी अनुसरावयाच्या पायऱ्या सुचविते. समान विदा व समान निष्कर्ष, किंवा शीर्षक वा लेखकक्रम बदलून, आधीचा निबंध न उल्लेखून साम्य लपविण्याचा पुरावा, यांना मोठे साम्य म्हटले जाते. पद्धतीच्या भागातील पुनरावृत्ती किंवा जुन्या विदेचे सकारण नवे विश्लेषण यांना किरकोळ साम्य मानले जाते. प्रथम लेखकाकडून खुलासा मागविला जातो. साम्य किरकोळ असल्यास संदर्भ जोडण्यास किंवा दुरुस्तीपत्र देण्यास सांगितले जाते.

मोठे साम्य सिद्ध झाल्यास नंतर छापलेला निबंध मागे घेतला जातो. आधीचा निबंध, त्यातील निष्कर्ष विश्वसनीय असतील तर, कायम राहतो. येथे निबंध मागे घेणे हा संशोधन खोटे असल्याचा निर्वाळा नसून पुरावा एकदाच मोजला जावा यासाठी केलेली दुरुस्ती असते.

## भारतातील नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याचे साम्याच्या प्रमाणानुसार स्तर ठरविले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी दंड नाही. त्यापुढे ४० व ६० टक्क्यांच्या टप्प्यांवर कारवाई कडक होत जाते. लेखकाने स्वतःचेच प्रकाशित काम पुन्हा वापरण्याचा मुद्दा आयोगाने एप्रिल २०२० च्या सूचनेत स्वतंत्रपणे घेतला. आपले पूर्वीचे काम योग्य निर्देशाविना वापरून ते नवे म्हणून मांडणे व त्यावर शैक्षणिक लाभ घेणे अस्वीकार्य आहे, असे त्या सूचनेत म्हटले आहे. निवड, पदोन्नती व संशोधन पदव्यांचे निर्णय घेणाऱ्या समित्यांनी ही बाब तपासावी, असेही तीत सांगितले आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या सूचनेतील 'लाभ' हा शब्द महत्त्वाचा आहे. चर्चासत्राच्या ग्रंथातील निबंध आणि पत्रिकेतील त्याच निबंधाचे पुनर्मुद्रण हे दोन स्वतंत्र प्रकाशने म्हणून गुणांकनासाठी दाखविले, तर एका कामाचे श्रेय दोनदा घेतले जाते. पुनर्मुद्रण तसे नमूद करून आणि एकदाच मोजून दाखविले, तर या सूचनेचा भंग होत नाही.

## हेही पहा

* वाङ्मयचौर्य
* तज्ज्ञ-परीक्षण
* बहुसंशोधन-विश्लेषण
* डीओआय